आकडा तोच, तरी ‘व्हर्जन मिसमॅच’

> मल्टिप्लेअर गेमचा पॅच सगळ्यांनी घेतला, व्हर्जनचा आकडा सारखाच दिसतो, स्टीमवर फाइल्स व्हेरिफायही केल्या. तरी आमच्यातल्या एकट्यालाच गेम आत घेत नाही.

इथे व्हेरिफायवर विसंबू नका. स्टीमचं व्हेरिफाय त्याच्या यादीतल्या फाइल्स तपासतं आणि खराब किंवा गहाळ असलेली पुन्हा उतरवतं. यादीतच नसलेली, बाहेरून आलेली फाइल मात्र ते जागच्या जागी राहू देतं. आणि बरेच गेम, विशेषतः स्ट्रॅटेजीवाले, नुसता आकडा बघत नाहीत. डेटा फाइल्सचा चेकसम, म्हणजे फाइल्सच्या मजकुरावरून निघणारी खूण, काढून सगळ्यांची जुळवतात. एक फाइल जास्त असली तरी चेकसम बदलतो. आमच्यात तिघांचा जुळला, चौथ्याचा वेगळा. त्याने मॉड केव्हाच काढला होता, पण त्यातली हाताने कॉपी केलेली एक फाइल डेटा फोल्डरात तशीच होती. दोघांच्या फोल्डरची प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडली, तर त्याच्याकडे एक फाइल जास्त! ती काढल्यावर लगेच जोडला गेला.

फाइल सापडलीच नाही तर गेम अनइन्स्टॉल करा, पण तेवढ्यावर थांबू नका. अशा उपऱ्या फाइल्स त्यातूनही वाचतात. उरलेलं फोल्डर स्वतः डिलीट करा आणि मगच नव्याने टाका. त्याआधी सेव्ह त्याच फोल्डरात नाहीत ना, हे नक्की बघा. सगळ्यांचे चेकसम जुळत असूनही सर्व्हर प्रत्येकालाच नाकारत असेल, तर बहुधा सर्व्हरचा बिल्ड जुना आहे. डेडिकेटेड सर्व्हर बहुतेक वेळा वेगळा अपडेट करावा लागतो.