मदत हवी आहे : ताम्रसृती कळली, पण प्रसरण नक्की कशाचं?

मंडळी, ताम्रसृतीचं, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातल्या रेषा लाल रंगाकडे सरकण्याचं गणित जमतंय; त्यावरून विश्व प्रसरण पावतंय म्हणतात, त्याच्या अर्थापाशी गाडी अडते. थ्री-सी २७३ हा क्वेसार, म्हणजे एका दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र घ्या. हायड्रोजनची जी रेषा प्रयोगशाळेत ४८६ नॅनोमीटरला दिसते, ती त्याच्या वर्णपटात ५६३ ला आहे. १९६३ मध्ये मार्टन श्मिट यांनी ती ओळखली. हायड्रोजनच्या बाकीच्या रेषाही तेवढ्याच, म्हणजे १.१५८ पटीने सरकल्या आहेत. त्यामुळे मधल्या धुळीवर खापर फोडता येत नाही; धूळ निळा प्रकाश अडवते, रेषा जागच्या हलवत नाही.

याचा अर्थ असा लावतात की तो प्रकाश निघाला तेव्हा दूरदूरच्या दीर्घिकांमधली अंतरं आजच्या ८६ टक्के होती. वाटेत अवकाश ताणलं, तशी लहरही ताणली.

मग अणू का ताणले नाहीत? ताणले असते तर मोजपट्टीही वाढली असती आणि कुणाला पत्ताच लागला नसता, एवढं समजतं. आणि सगळ्या दीर्घिकाही दूर जात नाहीत: शेजारची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय, तिच्या रेषा निळ्याकडे सरकल्यात.

आता खरा प्रश्न. सूर्यमालेतही अवकाश ताणलं जातं आणि गुरुत्वाकर्षण ग्रहांना धरून ठेवतं, की तिथे हे प्रसरण मुळात नसतंच? मला दुसरं पटतं, कारण प्रसरणाचं समीकरण सगळीकडे सारखी घनता धरून मांडलेलं असतं आणि दीर्घिकेच्या आत ते गृहीतकच लागू नाही. हे बरोबर आहे का? असेल, तर सीमा कुठे धरायची, दीर्घिकासमूहापाशी? गणितासकट सांगितलंत तरी चालेल.