मदत हवी आहे: उताराचा हिरवा दिवा लुकलुकतो, आता पिवळा लागून राहिलाय. बिघाड नक्की कुठला?

घाटवळण:
डिझेल एसयूव्ही, मॅन्युअल गिअर, सेकंडहँड घेतलेली. ताम्हिणी घाट उतरताना उताराचं, म्हणजे हिल डिसेंटचं बटण दाबलं, तर गाडी उतरते आहे असं चित्र असलेला हिरवा दिवा लागला. तीव्र वळणांवर तो लुकलुकायला लागला आणि ब्रेकखालून घरघर यायची. त्यानंतर गेल्या आठवड्यात पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं. आता तोच दिवा पिवळा होऊन स्थिर आहे, सोबत ईएससी आणि एबीएसचेही दिवे. सोसायटीच्या रॅम्पवर ब्रेक सोडला की गाडी लगेच मागे घरंगळते, पूर्वी क्षणभर धरून ठेवायची. पण हिल होल्डचा दिवा कुठेच दिसत नाही. हे दोन वेगळे बिघाड आहेत का? आणि घाटात लुकलुकत होता तेव्हापासूनच काही बिघडलं होतं का?

सदा_सर्व्हिस:
बॅटरी बघा. व्होल्टेज पडलं की हे तिन्ही दिवे एकदम लागतात. माझ्याकडे बॅटरी बदलली आणि सगळं गेलं.

अनघा_के:
माझ्या ऑटोमॅटिकमध्ये सिग्नलला ब्रेक सोडला तरी गाडी उभीच राहते, हिरवा ऑटो होल्डचा दिवा लागतो. तुमचं ते बटण चुकून बंद झालं असेल.

मिस्त्री_सांगली:
अनघाताई, ऑटो होल्ड वेगळं. ते तुम्ही अॅक्सिलरेटर देईपर्यंत धरतं, म्हणून त्याला बटण आणि दिवा. हिल होल्ड चढावर ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद दाब अडकवून ठेवतं आणि मग सोडून देतं. बऱ्याच गाड्यांत त्याला स्वतःचा दिवाच नसतो. चालू असलं तरी गप्प. बंद पडलं की ते ईएससीच्या दिव्यातून कळतं, कारण दाब अडकवणारा पंप आणि व्हॉल्व्हचा डबा तोच.

घाटवळण, तुमची घाटातली लुकलुक बिघाड नव्हती. हिरवा स्थिर म्हणजे यंत्रणा तयार आहे, हिरवा लुकलुकतोय म्हणजे ती आत्ता ब्रेक लावते आहे. घरघर पंपाची. त्या वेळी मागचे ब्रेक लाइटही लागतात. पिवळा स्थिर म्हणजे बिघाड. ईएससीचंही असंच, लुकलुकला तर काम करतोय, लागून राहिला तर बंद पडलाय किंवा कुणी बटणाने बंद केलाय. हा हिरवा-पिवळा भेद सगळ्या कंपन्यांत नसतो, तुमच्या पुस्तिकेत रंग तपासा.

सदाभाऊंचं अर्धं बरोबर आहे. पण बॅटरीमुळे लागणारे दिवे बहुतेक वेळा स्टार्ट करताना लागतात. मला एक सांगा, इग्निशन ऑन केल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून विझतात आणि मग हे तीन गाडी हलल्यावर परत येतात, की विझतच नाहीत?

घाटवळण:
विझतात. गेटबाहेर जरा वेग घेतला की परत येतात.

मिस्त्री_सांगली:
मग वायर तुटलेली नसावी. तुटली असती तर इग्निशनलाच कळलं असतं, चाक फिरायची वाट बघावी लागली नसती. तुमच्याकडे चाक फिरतंय पण त्याचा वेग कॉम्प्युटरला पोचत नाही. आजकाल पुष्कळ बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तीच वाचतो. ती बाजू सेन्सरकडे हवी. बेअरिंग उलटं प्रेस केलं तर चाक लोण्यासारखं फिरतं, आवाज नाही, खेळ नाही, पण सेन्सर आंधळा. एबीएस वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. स्वस्तातला ओबीडी बहुतेक फक्त इंजिनचेच कोड दाखवतो. लाइव्ह डेटात चारही चाकांचे वेग बघा.

तोवर रॅम्पवर हँडब्रेक वापरा. लाल ब्रेकचा दिवा नसेल तर साधा ब्रेक लागेल, पण एबीएस नाही असं धरून ओल्या रस्त्यावर अंतर ठेवा.

सदा_सर्व्हिस:
आणि घाटात ते बटण कशाला? दुसरा गिअर घाला.

मिस्त्री_सांगली:
डांबरी घाटात खरंच गरज नाही. ते कच्च्या, निसरड्या उतारावर हळू उतरायला आहे. लांब उतारावर वापरलं तर ब्रेक तापतात, आणि फार तापले तर यंत्रणा स्वतःच हात काढून घेते.

घाटवळण:
अपडेट. कोड C0035, म्हणजे पुढचं डावं. लाइव्ह डेटात तीन चाकं 20 च्या आसपास, हे शून्य. बेअरिंग उलटंच होतं. काढताना खराब झालं, म्हणून नवं बसवावं लागलं. दिवे गेले, चढावर गाडी धरते. गॅरेजवाला म्हणतो बेअरिंगच्या डब्यावर बाजूची खूण नव्हती, त्यामुळे दुसऱ्या बेअरिंगचे पैसे कुणी द्यायचे हे अजून लोंबकळतंय.

एक शंका राहिली. रॅम्पवर तोंड खाली करून रिव्हर्स घेताना कधी धरते, कधी नाही. दिवा कुठलाच नाही.

मिस्त्री_सांगली:
रिव्हर्स गिअरचा स्विच किंवा क्लचचा स्विच बघा. किंवा रॅम्पचा उतारच तिथे कमी असेल, हिल होल्डला ठरावीक चढ लागतो. गाडी न बघता याहून पुढे बोलता येणार नाही.