मदत हवी आहे: शूटच्या मधेच सीन नंबर सरकले, आता कुणाचा ५८ खरा?

वाड्यातली_एडी
मी डायरेक्शन टीममध्ये सेकंड असिस्टंट आहे. मराठी फिल्म, ३२ दिवसांचं शेड्यूल, वाईजवळ शूट चालू आहे. मूळ स्क्रिप्ट ९६ सीनची. लेखक रोज रात्री काही ना काही बदलून पाठवतात. त्याबद्दल तक्रार नाही, सीन खरंच सुधारताहेत.

आठव्या दिवशी ४२ नंतर आई-मुलाचा एक नवीन सीन आला. लेखकांच्या फाइलमध्ये नंबर आपोआप पडतात, त्यामुळे तो ४३ झाला आणि पुढचं सगळं एकेकाने सरकलं. मी तीच पीडीएफ ग्रुपवर टाकली आणि कॉलशीटही तिच्यावरून काढायला लागले. काल कॉलशीटवर ५८ होता. माझ्यासाठी ५८ म्हणजे वाड्याचं अंगण, सकाळ. कॉस्च्युमच्या दादांकडे पहिल्या दिवशीची झेरॉक्स, त्यांचा ५८ म्हणजे हॉस्पिटलचा पॅसेज, रात्र. ताई चुरगळलेली साडी नेसून, हाताला सलाइनची पट्टी लावून अंगणात तुळशीपाशी येऊन उभ्या राहिल्या. सव्वा तास गेला. ओरडा अर्थातच मला.

रंगीत पानं काढतात असं ऐकलंय, पण आमच्या कुणीच कधी केलेलं नाही. आता मधेच सुरू करता येईल का? आणि नवव्या-दहाव्या दिवशी नव्या नंबरांनी चार सीन शूट झालेत, त्यांचं काय करू?

एपिसोड_रोजचा
तुम्ही नशीबवान. आमच्या मालिकेत सीन सेटवर येतो तेव्हा शाई ओली असते. आम्ही एपिसोड नंबर आणि सीन नंबर लिहितो, संपलं. लेखकाला सांगा की शूट सुरू झाल्यावर बदल बंद.

वाड्यातली_एडी
दादा, बदल थांबवायचे नाहीयेत. ते आल्यावर सगळ्यांच्या हातात एकच कागद कसा राहील, एवढंच विचारतेय.

पटकथा_विद्यार्थी
याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पहिली शूटिंग स्क्रिप्ट पांढरी. मग निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा, गोल्डनरॉड, बफ, सामन, चेरी. ते संपले की परत पांढरा, त्याला डबल व्हाइट म्हणतात. प्रत्येक वेळी पूर्ण स्क्रिप्ट त्या रंगात छापायची.

कंटिन्युइटी_मावशी
विद्यार्थी, रंगांचा क्रम हॉलिवूडमध्ये साधारण असाच चालतो, पण तो कायदा नाही. पुढचे रंग प्रॉडक्शनप्रमाणे बदलतात. म्हणून ठरवलेला क्रम पहिल्या पानावर तारखांसकट छापतात. पूर्ण स्क्रिप्ट मात्र दर वेळी छापायची नसते, उलट ते टाळण्यासाठीच ही पद्धत आहे. बदललेलीच पानं द्यायची, माणसाने आपल्या बाडातलं जुनं पान काढून तिथे नवं लावायचं. बदललेल्या ओळीसमोर उजव्या समासात चांदणी.

पण एडी, तुझं दुखणं रंगाचं नाहीच, नंबराचं आहे. ज्या दिवशी ब्रेकडाउन निघालं त्या दिवशी सीन नंबर गोठले असं समजायचं. त्यानंतर ४२ आणि ४३ च्या मधे काही आलं तर ते ४२ए. ४३ हलत नाही. सीन उडाला तर नंबर उडत नाही, ‘४९ – रद्द’ असं लिहिलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर कॉस्च्युमवाला ४८ नंतर ५० बघतो आणि आपलं पान हरवलं म्हणून शोधत बसतो.

पानांचंही तसंच. समज ३८ व्या पानावर ४२ए घुसला आणि मजकूर खाली सांडला, तर सांडलेला भाग ३८ए. ३९ जिथे होतं तिथेच सुरू होतं. म्हणून तुला दोनच पानं वाटावी लागतात, पुढची साठ नाही. सॉफ्टवेअरमध्ये सीन नंबर लॉक करणं आणि पानं लॉक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, लोक एकच करतात आणि मग रडतात. लेखक वर्डमध्ये लिहीत असतील तर आपोआप नंबर बंद करून हाताने टाका.

आता तुझे ते चार सीन कुठले, ते नंबर सांग.

वाड्यातली_एडी
क्लॅपवर ४७, ४८, ६१, ६२. म्हणजे मूळचे ४६, ४७, ६०, ६१.

कंटिन्युइटी_मावशी
तर मूळ नंबरांवर परत जा. ९६ पैकी निम्म्याहून जास्त सीन तरी अजून बाकी असतील, आणि कॉस्च्युम, आर्ट, प्रॉडक्शन सगळ्यांच्या वह्या मूळ नंबरांवर आहेत. नवा सीन ४२ए.

शूट झालेल्या फाइलींची नावं बदलू नकोस. साउंड आणि कॅमेरा दोघांकडे तीच नावं आहेत, एकाने बदलली की सिंक करताना गोंधळ. त्याऐवजी एका कागदावर चार ओळी लिही, ‘क्लॅप ४७ = सीन ४६’ अशा, आणि एडिटच्या असिस्टंटला आजच दे. कंटिन्युइटी शीटच्या त्या पानांवरही लाल पेनाने.

खरा सापळा पुढे आहे. मूळ ४८ आणि मूळ ६२ अजून शूट झालेले नाहीत ना? ते होतील तेव्हा क्लॅपवर ४८ आणि ६२ च येणार, आणि तसे दोन क्लॅप आधीच पडलेत. त्या दोन सीनचे शॉट नंबर १ ऐवजी ५१ पासून सुरू कर. माझा जुना जुगाड आहे, सुंदर नाही, पण दोन ‘४८ शॉट १’ कधी समोरासमोर येत नाहीत.

टोरांटोचा_असिस्टंट_एडिटर
४२ए वरून एक इशारा. इथे क्लॅपवर अक्षर म्हणजे सेटअप. सीन ४२ चा मास्टर नुसता ४२, मग क्लोजअप ४२ए, पुढचा ४२बी. त्यामुळे ४२ए नावाचा सीनही असला की घोटाळा होतो. म्हणून इथे बरेच जण अक्षर पुढे लावतात, ए४३, म्हणजे ४३ च्या आधीचा नवा सीन. आणि आय, ओ ही अक्षरं गाळतात, ती १ आणि ० सारखी दिसतात.

कंटिन्युइटी_मावशी
बरोबर, पण आपल्याकडे क्लॅपवर सीन, शॉट, टेक तिन्ही वेगळे आणि शॉटला आकडा. ४२ए, शॉट ३, टेक २. त्यात गोंधळ होत नाही. मी अक्षर मागेच लावते. फक्त ‘अ’ लिहू नका, क्लॅपवाला अ लिहितो आणि साउंडवाला फाइलला A टाइप करतो.

टोरांटोचा_असिस्टंट_एडिटर
पोस्ट बाहेर होणार असेल तर तरी अक्षर पुढेच ठेवा, असं माझं मत.

कागदवाला
बफ आणि गोल्डनरॉड मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघेल. गावात चार रंग मिळतात: निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा. आणि तुमचं निम्मं युनिट मोबाइलवर वाचतं. माझ्या मते रंगाचं नाव शब्दात, प्रत्येक पानाच्या डोक्यावर आणि फाइलच्या नावात, तारखेसकट टाका. कागद पांढरा असला तरी चालतं.

```
PATKATHA_BLUE_14FEB_p38-38A.pdf
```

कंटिन्युइटी_मावशी
मोबाइलवाल्यांना चालेल. पण सेटवर दादांच्या हातात पांढरं पान दिसलं आणि माझ्या हातात गुलाबी, की एक शब्द न बोलता कळतं. त्याला फाइलचं नाव पुरत नाही. चार रंगांवर भागव, पाचव्या फेरीला परत निळा घे आणि डोक्यावर ‘निळा २’ लिही.

वाड्यातली_एडी
आज पॅकअपनंतर नंबर मूळचे केले, ४२ए आणि ३८ए ची निळी पानं काढली. वाटताना जुनं ३८ परत घेतलं, नाहीतर दोन्ही बाडात राहतात हे लगेच दिसलं. आर्टच्या एका मुलाने मात्र बाड मुक्कामावर ठेवलंय.

एक अडलंय. दिग्दर्शकांना आधी झालेला ६० (क्लॅपवर ६१ असलेला) उचलून ४२ए च्या मागे लावायचाय. कागदावर त्याला ४२बी करू का?

कंटिन्युइटी_मावशी
शूट झालाय ना? मग ६० च राहू दे. जागा एडिटर बदलेल. शूट व्हायचा असता तर ४२बी करून जुन्या जागी ‘६० – रद्द, पाहा ४२बी’ लिहायला सांगितलं असतं.

पटकथा_विद्यार्थी
पण मग स्क्रिप्टमध्ये ४२ए नंतर थेट ६० वाचायचा?

वाड्यातली_एडी
आमच्या लेखकांचाही हाच प्रश्न आहे. सकाळी सहाचा कॉल आहे, उद्या रात्री बघते.