4×4 डिटर्मिनंट: कोफॅक्टरने की रो रिडक्शनने?

ऐरोलीचा_बाळू: परवा इंजिनिअरिंगचा गणिताचा पेपर आहे. हे गणित दोन्ही पद्धतींनी केलं.

```
2 1 3 1
3 2 1 4
4 3 5 2
2 1 4 3
```

कोफॅक्टरने दोन पानं भरून 17 आलं. रो रिडक्शन अर्ध्या पानात झालं, पण उत्तर -34. कुठली पद्धत धरू?

घणसोली_७: रो रिडक्शन डोळे झाकून. रो ऑपरेशनने डिटर्मिनंट बदलतच नाही, त्यामुळे बेरीज-वजाबाकीतच चुकला असशील.

कळव्याची_आई: माझ्या मुलीची बारावी आहे, तिला 3×3 कोफॅक्टरनेच शिकवलंय. पद्धत बदलली तर मार्क कापतात का?

नौपाडा_निवृत्त: घणसोली, बदलतं हो. एका रोची पट दुसरीत मिळवली तरच बदलत नाही. बाळू, अपूर्णांक टाळायला तू R2 च्या जागी 2R2 − 3R1 घेतलंस ना? तिथे डिटर्मिनंट दुप्पट झाला. पुढे R3, R4 ची अदलाबदल केली असशील, म्हणजे चिन्हही उलटलं. कर्णावर 2, 1, 1, -17 आले असतील; गुणाकार -34. चिन्ह फिरव, 2 ने भाग: 17. असं काही केलं की त्याच ओळीसमोर समासात लिहून ठेवायचं, शेवटी आठवत नाही.

ताई, 3×3 ला तुमच्या मुलीचंच बरोबर. कोफॅक्टरला 9 गुणाकार, रो रिडक्शनला गुणाकार-भागाकार मिळून 10. 4×4 ला मात्र 40 विरुद्ध 23, आणि 10×10 ला 62 लाखांवर विरुद्ध 339. कारण साधं आहे: कोफॅक्टरमध्ये आकार एकाने वाढला की आधीचं सगळं काम n वेळा करावं लागतं.

महापे_कोडर: अनुभवाने सांगतो. कॉलेजात कोफॅक्टरचं रिकर्शन पायथनमध्ये लिहिलं होतं. 8×8 पटकन झालं, 12×12 लावून जेवायला गेलो, परत आलो तरी चालूच. `np.linalg.det` आतून रो रिडक्शनच करतं, LU म्हणून. फक्त पूर्णांकांच्या मॅट्रिक्सलाही ते -2 ऐवजी `-2.0000000000000004` असं दाखवतं, घाबरू नका.

ऐरोलीचा_बाळू: काका, अगदी तसंच केलं होतं! मग आयगेनव्हॅल्यूला पण रो रिडक्शनच?

नौपाडा_निवृत्त: नको. कर्णावर λ असला की λ च्या पदाने भागत बसावं लागतं आणि ते पद शून्य झालं तर काय, हा प्रश्न उरतो. तिथे कोफॅक्टर बरा. एका ओळीत तीन शून्यं असतील तरी तोच. मी तर आधी एका कॉलममध्ये शून्यं पाडतो, मग त्या कॉलमने उलगडतो.

घणसोली_७: अशी मिसळ केली तर आमचे सर मार्क कापतात.

नौपाडा_निवृत्त: प्रश्नात पद्धत दिली नसेल तर का कापावेत? त्यांनाच विचारा.

कळव्याची_आई: बारावीचं कोणी सांगेल का?