मदत हवी आहे : सिमेट्रिक मॅट्रिक्स आहे, तरी mod 7 ला एकही आयगेन व्हॅल्यू का सापडत नाही?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. एमएस्सी पहिलं वर्ष, सोमवारी प्रॅक्टिकलची तोंडी आहे. सरांनी एवढीशी मॅट्रिक्स दिली आहे: पहिली ओळ 2, 1 आणि दुसरी ओळ 1, 1. तिच्या आयगेन व्हॅल्यू mod 5, mod 7 आणि mod 11 काढायच्या आहेत.

पॉलिनॉमिअल सरळ आहे, `t² - 3t + 1`. मी प्रत्येक t ठेवून बघणारा प्रोग्रॅम लिहिला:

```python
for p in (5, 7, 11):
    print(p, [t for t in range(p)
              if (t*t - 3*t + 1) % p == 0])
```

उत्तर आलं:

```
5 [4]
7 []
11 [5, 9]
```

११ ला दोन, ५ ला एकच, आणि ७ ला रिकामं. मैत्रिणीने numpy मधून 2.618 आणि 0.382 काढले, राउंड करून 3 आणि 0 घेतले आणि ७ साठी तेच जर्नलमध्ये लिहिलं. ती म्हणते, बेरीज ३ येते म्हणजे बरोबर. मला पटत नाही, पण चूक कुठे आहे ते सांगताही येत नाही. माझा प्रोग्रॅम चुकलाय का?

भडंगप्रेमी

प्रोग्रॅम चुकलाच असणार. मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे ना? सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू नेहमी रिअल असतात, आणि ती पूर्ण डायगोनलाइझ होते. बीएस्सीला हे प्रमेय सिद्धतेसकट पाठ केलंय, त्यामुळे ७ ला मुळं असायलाच हवीत. मैत्रिणीचं मात्र चुकलंय. आयगेन व्हॅल्यूंचा गुणाकार डिटरमिनंटएवढा यायला हवा. तिचा गुणाकार 3 × 0 म्हणजे शून्य, आणि डिटरमिनंट आहे 2·1 − 1·1 = 1. फक्त बेरीज बघून भागत नाही.

पिक्सेल_मिरज

ही मॅट्रिक्स मला ओळखीची आहे! मी गणपतीच्या फोटोवर हीच वापरतो. (x, y) ला असलेला ठिपका (2x+y, x+y) ला न्यायचा, बाहेर गेला तर बाकी घ्यायची. चित्राचा पार चिवडा होतो आणि काही फेऱ्यांनी गणपती जसाच्या तसा परत! 100 × 100 च्या फोटोला १५० फेऱ्या लागल्या. नंतर क्रॉप करताना चुकून 101 × 101 झाला, तर २५ फेऱ्यांतच आला. फोटो मोठा आणि फेऱ्या कमी, हे कसं? १०० साठी आयगेन व्हॅल्यू कशा काढायच्या ते सांगा.

कृष्णाकाठची (सांगली)

@पिक्सेल_मिरज, दादा, माझा प्रश्न ७ चा आहे हो. फोटोचं नंतर बघू.

निवृत्तमास्तर (सातारा)

ताई, प्रोग्रॅम बरोबर आहे. हातानेच खात्री करू. t ला ० ते ६ ठेवलं तर `t² - 3t + 1` ची बाकी क्रमाने 1, 6, 6, 1, 5, 4, 5 येते. शून्य कुठेच नाही. म्हणजे ७ च्या अंकगणितात या मॅट्रिक्सला एकही आयगेन व्हॅल्यू नाही.

आता का नाही ते. दहावीचं वर्गसमीकरणाचं सूत्र इथेही चालतं, फक्त ७ च्या जगात. विवेचक 9 − 4 = 5. म्हणजे ५ चं वर्गमूळ हवं. ७ ने भागून पूर्ण वर्गांच्या बाक्या 0, 1, 2, 4 एवढ्याच येतात. त्यात ५ नाही, म्हणून मूळही नाही. ११ ला बघा: 4² = 16, बाकी 5. म्हणजे ५ चं वर्गमूळ ४. मग `(3 ± 4)/2`. इथे २ ने भागायचं म्हणजे ६ ने गुणायचं, कारण 2 × 6 = 12, बाकी 1. पहिलं 7 × 6 = 42, बाकी 9. दुसरं −1 × 6 = −6, म्हणजे 5. तुमचा प्रोग्रॅम तेच सांगतोय. बेरीज 14, बाकी 3. गुणाकार 45, बाकी 1. दोन्ही पारख्या उतरल्या.

मैत्रिणीची चूक राउंड करण्याच्याही आधीची आहे. 2.618 मधला √5 हा रिअल संख्यांमधला, 2.236. त्याचा ७ ने भागून उरणाऱ्या बाकीशी काही संबंधच नाही. दशांशात गेलात की मोड्युलो हातातून सुटलं. आधी पॉलिनॉमिअलच्या सहगुणकांची बाकी घ्यायची आणि मगच मुळं शोधायची. उलट क्रमाने कितीही अचूक कॉम्प्युटर घेतला तरी उपयोग नाही.

भडंगप्रेमी

सर, मान्य, ७ ला मूळ नाही. पण मग सिमेट्रिकचं प्रमेय खोटं का?

निवृत्तमास्तर (सातारा)

प्रमेय खरं आहे, पण रिअल संख्यांपुरतं. तुम्ही पाठ केलेल्या सिद्धतेत एक पायरी आठवा: शून्य नसलेल्या व्हेक्टरच्या घटकांच्या वर्गांची बेरीज शून्य होऊच शकत नाही, म्हणून तिने भागतो. रिअलमध्ये ती धनच असते. mod 5 ला धन-ऋण असं काही उरतच नाही. (1, 2) हा व्हेक्टर घ्या: 1 + 4 = 5, म्हणजे शून्य! स्वतःलाच लंब असलेला व्हेक्टर.

आणि गंमत बघा, mod 5 चा आयगेन व्हेक्टर नेमका तोच आहे. मूळ 4. कर्णातून ४ वजा केले की ओळी (−2, 1) आणि (1, −3), म्हणजे mod 5 ला (3, 1) आणि (1, 2). (1, 2) ठेवून बघा: 3 + 2 = 5 आणि 1 + 4 = 5, दोन्ही शून्य. याच्या पटी सोडल्या तर दुसरा आयगेन व्हेक्टर नाही. मूळ दोनदा येतं, कारण `(t-4)²` ची बाकी घेतली की तेच पॉलिनॉमिअल मिळतं, पण दिशा एकच. म्हणून ही सिमेट्रिक मॅट्रिक्स mod 5 ला डायगोनलाइझ होत नाही. तोंडीला नेमकं इथे बोट ठेवतील असा माझा अंदाज. ४ ची यादी दोनदा लिहून "दोन आयगेन व्हेक्टर" म्हणू नका.

कृष्णाकाठची (सांगली)

सर, ५ चं कळलं. पण ७ ला अडकले. मी बसून बघितलं, mod 7 ला x² + y² शून्य फक्त (0, 0) लाच होतं, कारण −1 म्हणजे 6 हा तिथे वर्ग नाही. मग ७ ला तुमची ती पायरी तुटतच नाही. तरी मूळ नाही. असं कसं?

निवृत्तमास्तर (सातारा)

वा, हा प्रश्न खरा. उत्तर द्यायला जेवणानंतर वही घेऊन बसलो.

रिअल मॅट्रिक्सच्या सिद्धतेतही आपण आधी कॉम्प्लेक्समध्ये जातो, आयगेन व्हेक्टर तिथे घेतो आणि त्याला कॉंज्युगेटने गुणतो. इथेही तसंच करा. ७ च्या जगात ५ चं वर्गमूळ नाही, तर एक नवं चिन्ह s घ्या, `s² = 5`. आता `a + bs` अशा संख्या, a आणि b प्रत्येकी सात, एकूण ४९. २ ने भागायचं म्हणजे ४ ने गुणायचं. मूळ `4(3 + s)`, म्हणजे `5 + 4s`. दुसरं `5 - 4s`. बेरीज 10, बाकी 3. गुणाकार 25 − 16·5 = −55, त्यात ५६ मिळवले की 1. बरोबर.

आयगेन व्हेक्टर: पहिल्या ओळीतून दुसरा घटक `t - 2`, म्हणजे (1, 3 + 4s). त्याचा कॉंज्युगेट (1, 3 − 4s). दोघांना गुणून बेरीज: 1 + 9 − 80 = −70. सातने निःशेष भाग जातो, म्हणजे शून्य. पायरी तुटली ती इथे, ४९ संख्यांच्या जगात. तुम्ही ७ मध्येच शोधत होता म्हणून दिसली नाही.

भडंगप्रेमी

म्हणजे "७ ला आयगेन व्हॅल्यू नाही" आणि "दोन आहेत, पण ४९ च्या जगात", दोन्ही खरं. जर्नलमध्ये काय लिहायचं? मी असतो तर सरळ मूळ संख्या बदलून घेतली असती.

निवृत्तमास्तर (सातारा)

दोन्ही लिहा, पण कुठल्या जगात ते लिहा. मूळ संख्या बदलण्याची गरज नाही, उलट ७ चीच मजा जास्त आहे. `λ = 5 + 4s` चा वर्ग करा: 25 + 80 + 40s = 105 + 40s, म्हणजे `5s`. पुन्हा वर्ग: 25 × 5 = 125, बाकी 6, म्हणजे −1. आता मॅट्रिक्सशी पडताळा. A⁴ च्या ओळी (34, 21) आणि (21, 13). Mod 7 ला (6, 0) आणि (0, 6). म्हणजे A⁴ = −I आणि A⁸ = I. मूळ ज्या जगात हाताला लागत नाही त्याच जगातल्या मॅट्रिक्सने त्या मुळाची आठवी घात दाखवली.

आता मिरजकरांचा फोटो याच धाग्यावर येतो. १०१ ही मूळ संख्या आहे, आणि 45² = 2025, बाकी 5. वर्गमूळ आहे! मुळं `(3 ± 45)/2`, म्हणजे 24 आणि −21, तेच 80. २४ ची पाचवी घात −14, दहावी 196, बाकी 95 म्हणजे −6, विसावी 36, आणि पंचविसावी 36 × (−14) = −504, बाकी 1. म्हणून तुमचा गणपती पंचविसाव्या फेरीला.

पिक्सेल_मिरज

आईशप्पथ! आणि १०० चं?

निवृत्तमास्तर (सातारा)

१०० मूळ संख्या नाही, तिथे हा रस्ता सरळ चालत नाही. ४ आणि २५ वेगळे करावे लागतात. mod 4 ला ३ फेऱ्या, mod 25 ला ५०, दोघांचा लसावि १५०. आणि mod 25 ला आयगेन व्हॅल्यू शोधू नका. mod 5 चं ४ हे मूळ २५ मध्ये पुढे जात नाही. 4, 9, 14, 19, 24 ठेवून बघा, प्रत्येक वेळी बाकी 5 च येते.

कृष्णाकाठची (सांगली)

सर, खूप आभार. पाचचंही करून बघितलं, A⁵ = −I आणि A¹⁰ = I आलं. मैत्रिणीने ७ चं पान फाडलं. मूळ संख्येचा शेवटचा अंक १ किंवा ९ असला की मुळं मिळतात आणि ३ किंवा ७ असला की नाहीत, असं ६० पर्यंतच्या मूळ संख्यांवर दिसतंय. फक्त २ आणि ५ वेगळे. हे नेहमी असतं का?

निवृत्तमास्तर (सातारा)

हो, नेहमी. कारण क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी. तोंडीत विचारलं तर नाव सांगा, सिद्धता मागितली तर मी जबाबदार नाही. आणि २ ला ते सूत्र वापरायचंच नाही, तिथे २ ने भागता येत नाही. थेट ० आणि १ ठेवून बघा, दोन्हीला 1 येतो, मूळ नाही.

पिक्सेल_मिरज

मग फोटो किती रुंद घेतला की फेऱ्या किती, हे आधीच सांगणारं सूत्र आहे का?

निवृत्तमास्तर (सातारा)

मूळ संख्या p असेल तर वरची हद्द सांगता येते. मुळं मिळाली तर फेऱ्या p − 1 ला भागतात, ५ सोडून इतरत्र नाही मिळाली तर p + 1 ला. ७ ला नेमक्या ८. पण १०१ ला १०० ऐवजी २५ का, हे आधीच सांगणारं सोपं सूत्र माझ्या माहितीत नाही. घाताने मोजूनच बघावं लागतं.

पिक्सेल_मिरज

बरं, 211 × 211 लावतोय. शेवटचा अंक १ आहे, म्हणजे २१० ला भागणारं काहीतरी. झालं की टाकतो इथे.