उत्तर बरोबर, रीत उत्तरसूचीबाहेरची: तीनपैकी गुण किती?

शिक्षिका, तासगाव
दहावीच्या सराव परीक्षेत A(1, 2), B(5, 4), C(3, 8) हे काटकोन त्रिकोणाचे शिरोबिंदू आहेत असे दाखवायचे होते. उत्तरसूचीत तीन बाजूंच्या लांबीला दीड, पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासाला एक आणि निष्कर्षाला अर्धा गुण आहे. एका मुलीने फक्त चढ काढले: AB चा 1/2, BC चा −2, गुणाकार −1, म्हणून कोन B काटकोन. किती गुण द्यावेत?

शिक्षक, सांगली
माझ्या मते दीडच. लंब रेषांच्या चढांचा नियम आमच्या वर्गात शिकवलेला नाही आणि तिने तो सिद्धही केलेला नाही. बाकीच्या मुलांनी तीन लांब्या काढण्याचे कष्ट घेतले आहेत, त्यांना आणि तिला एकच माप लागायला हवे.

अभियंता, विटा
उत्तर बरोबर आहे ना? मग पूर्ण गुण द्यावेत, रीत पाहायचे कारणच नाही.

निवृत्त नियामक, मिरज
विट्याच्या सरांशी निष्कर्षापुरता सहमत आहे, कारणाशी नाही. त्रिकोण काटकोनी आहे हे प्रश्नातच दिलेले असल्यामुळे येथे गुण केवळ कारणमीमांसेचे आहेत. याच त्रिकोणात AB² आणि BC² दोन्ही 20 येतात. एखाद्याने ‘दोन बाजू समान, म्हणून काटकोन’ असे लिहिले, तर शेवटची ओळ बरोबर असूनही कारण खोटे आहे. म्हणून मी बिंदू बदलून पाहतो: तीच रीत काटकोन नसलेल्या त्रिकोणालाही काटकोनी ठरवत असेल, तर ती बाद. चढांची रीत तसे कधीच करत नाही. एखादी बाजू Y-अक्षाला समांतर असली तर तिचा चढ निघत नाही आणि ही रीत अडते, पण येथे तशी बाजू नाही.

मग सूचीतला प्रत्येक गुण कशासाठी होता ते पाहावे. दीड गुण आकडेमोडीचा, तो दोन चढांना, एक गुण काटकोनाच्या कसोटीचा, तो गुणाकार −1 असल्याच्या विधानाला, अर्धा निष्कर्षाचा. पूर्ण तीन. मात्र हा निर्णय सूचीवर लिहून सर्व परीक्षकांना कळवावा आणि तपासून झालेले गठ्ठे या एका प्रश्नापुरते पुन्हा उघडावेत, नाहीतर हीच रीत लिहिणाऱ्या दुसऱ्या मुलाला दीडच गुण राहतील.

पालक, पलूस
माझ्या मुलाने वर्गसमीकरण अवयव पाडून अचूक सोडवले होते, तरी गुण कापले. प्रश्नात ‘सूत्राचा वापर करून सोडवा’ असे होते, एवढेच कारण सांगितले.

निवृत्त नियामक, मिरज
तेथे रीत प्रश्नानेच ठरवली होती, ताई, त्यामुळे कपात योग्य. तासगावच्या प्रश्नात तशी अट नाही.

शिक्षक, सांगली
गठ्ठे उघडण्याचे पटले आणि दीड गुणाचा हट्टही मी सोडतो. तरीही न शिकवलेला नियम नुसता वापरल्यावर कसोटीचा पूर्ण गुण द्यावा, हे मला अजून मान्य नाही. मी अडीच देईन.