मदत हवी आहे: एकाच गणिताची दोन उत्तरं, मित्राच्या नोट्समध्ये कोणतं लिहू?

जळगावचा_बीएस्सी:
मित्राला टायफॉइड झाला म्हणून तो रावेरला घरी आहे, आठवडाभर लेक्चरं बुडाली. वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते, त्यावरून नीट नोट्स लिहून पत्रासोबत पाठवतोय. पत्राची सुरुवात अशी केलीय: "भावा, फोटोत जे दिसलं नाही तिथं चौकट केलीय, चौकटीतलं ते माझ्या डोक्यातलं, सरांचं नाही."
आता अडलंय इथं. केळीच्या पाच घडांचं वजन 18, 20, 22, 24, 26 किलो. सरासरी 22, फरकांच्या वर्गांची बेरीज 40. मंगळवारच्या पानावर व्हेरियन्स 8 आहे आणि गुरुवारच्या पानावर त्याच आकड्यांचा 10. दोन्ही पानांचा वरचा भाग फोटोत कापला गेलाय. मीच चुकीचं उतरवलं का?

केळीवाला:
फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नको भाऊ, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर अक्षर फुटतं. माझ्या पोरीच्या वेळी आकडाच वाचता येत नव्हता.

जळगावचा_बीएस्सी:
काका, फोटो पाठवत नाहीये, हातानं लिहितोय.

धुळेकर_९८:
सोपंय, 30 पेक्षा कमी आकडे असले की n-1 नं भागायचं. म्हणजे 40/4, 10 बरोबर. 8 खोड.

आकडेमोड_ताई:
खोडू नको रे! दोन्ही बरोबर असू शकतात. चिन्ह बघ, σ² असेल तर 5 नं भागलंय, s² असेल तर 4 नं. परसात पाचच झाडं आहेत आणि तेवढ्याचंच बोलायचंय तर 8. पण पूर्ण बागेचा अंदाज या पाच घडांवरून काढायचाय तर 10.
कारण असं की 22 ही सरासरी याच पाच घडांतून निघालीय, म्हणून ती त्यांच्या अगदी मधोमध बसते. बागेची खरी सरासरी 23 असती तर? 25+9+1+1+9, बेरीज 45 येते. 22 सोडून कुठलाही आकडा घे, बेरीज 40 पेक्षा जास्तच येणार. म्हणजे 40 ही बेरीज तोकडी पडते, आणि ती भरून काढायला थोड्या लहान आकड्यानं भागतात.
धुळेकर, 30 चा संबंध एवढाच की घड जास्त असले तर n आणि n-1 मधला फरक जाणवत नाही. नियम तो नाही.

धुळेकर_९८:
आमच्या सरांनी तर 30 च सांगितलं होतं...

जळगावचा_बीएस्सी:
ताई, झूम करून बघितलं, गुरुवारच्या पानावर s² आहे! मंगळवारचं चिन्ह मात्र शाई पसरल्यानं कळत नाही.

आकडेमोड_ताई:
मग दोन्ही गणितं शेजारी शेजारी लिही, आणि मंगळवारच्या σ² ला तुझी ती चौकट कर. आधी त्याच तासाला बसलेल्या दुसऱ्या कुणाची वही बघ, तिथं "सँपल" शब्द सापडतो का ते.

जळगावचा_बीएस्सी:
बघतो. वही जिच्याकडे आहे ती कापूस वेचायला चोपड्याला गेलीय, सोमवारी येईल. तोवर पाकीट उघडंच ठेवतो.